फॉरवर्ड होत आलेली आई

आमच्या दुकानाला शटर एक आणि धंदे दोन. पुढच्या भागात ती, तिचा संगणक, तिचा प्रिंटर आणि तिची बडबड. प्लायवूडच्या आडोशामागे मी, माझी करवत, काचा, गोंद आणि माझं डोकं. हे डोकं फार लवकर तापतं, असं तिचं म्हणणं आहे. ती खराब झालेले फोटो दुरुस्त करते, मी त्यांना चौकट घालतो. गल्लीत तिला सगळे डॉक्टरीण म्हणतात. मला फ्रेमवाले म्हणतात. त्यात काही गंमत नाही.

दुकान मुळात तिच्या वडिलांचा स्टुडिओ. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करायचे ते दिवस. शाळेतून आली की ती वडिलांच्या शेजारी उंच स्टुलावर बसायची आणि भिंगातून उलटे चेहरे बघायची, म्हणजे काळे दात आणि पांढरे केस. सुरकुत्या कशा घालवायच्या हे वडिलांनी तिला बऱ्याच उशिरा शिकवलं. कोणत्या सुरकुतीला हात लावायचा नाही, हे आधी शिकवलं. पुढे घरोघरी फोन आले, स्टुडिओतला रंगवलेला पडदा भंगारात गेला, आणि ती दुरुस्तीकडे वळली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणते, "अजून घाई काय आहे?" आता तिचे निम्मे केस पांढरे आहेत.

फोटोशी ती बोलते. सुरुवातीला मला वाटायचं गिऱ्हाईक आलंय. मी आडोशामागून डोकावून बघायचो तर ही एकटीच, दोन चष्म्यांपैकी एक डोळ्यांवर, एक केसांत, आणि पडद्यावरच्या कुणा आजोबांना विचारतेय, "अहो, कान कुठे ठेवलात?" एखादा चेहरा उघडा असला की त्याच्यासमोर ती खात नाही. आधी फाइल बंद करते, मग डबा उघडते. मी याची खूप टिंगल केली आहे. तिच्यावर काडीचा परिणाम झालेला नाही.

तिचा खरा शत्रू म्हणजे स्क्रीनशॉट. पाण्यात भिजलेला फोटो आणा, उंदराने कुरतडलेला आणा, ती प्रेमाने घेईल. पण "फोनमध्ये आहे, पाठवतो" असं म्हणून कुणी चार ठिकाणी फिरलेला फोटो पाठवला, की तिच्या कपाळावर आठ्या चढतात. मग त्या माणसाची शाळा सुरू. "नुसतं पुढे ढकलल्याने फोटो फारसा बिघडत नाही हो. पण तुम्ही काय करता? फोनमध्ये उतरवून घेता, पुन्हा नव्याने पाठवता. समोरचा स्क्रीनशॉट काढतो. तिसरा त्याला कापून स्टेटसला लावतो. दर वेळी ॲप तो फोटो आवळतं. दर वेळी थोडा माणूस गळतो." हे भाषण मला तोंडपाठ आहे. माणूस गळतो या शब्दांवर ती नेहमी थांबते, गिऱ्हाइकाला लाज वाटली की नाही ते बघायला.

तर ती मुलगी आली तेव्हा हे भाषण होणार, म्हणून मी करवत थांबवून ऐकायला बसलो होतो. भाषण झालं नाही.

मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "काकू, ही माझी आई. मी सव्वा वर्षाची होते तेव्हा गेली. मला ती आठवत नाही. हा एकच फोटो आहे. पुढच्या महिन्यात मी शिकायला हॉस्टेलवर जाणार आहे, तिकडे न्यायचाय."

डॉक्टरणीने फोटो बघितला. मीही मान लांब करून बघितला. कुणीतरी श्रद्धांजलीसाठी तो गोल कापला होता, भोवती मेणबत्त्या चिकटवल्या होत्या, आणि खाली जाड अक्षरांत चार ओळी. त्यातल्या एका ओळीने हनुवटी खाऊन टाकली होती. गोलात एक बाई होती एवढं कळत होतं. हसत होती बहुतेक. डोळ्यांच्या जागी दोन मळकट डाग, गालावर चौकोन चौकोन, आणि ओठांचा रंग ओठ सोडून बाजूला सांडलेला.

"दुसरा फोटो कसा नाही?"

"लग्नाचा अल्बम घर बदलताना हरवला. बाकीचे बाबांच्या जुन्या फोनमध्ये होते सगळे. तो चोरीला गेला. हा मला आत्याने पाठवला. आत्याला कुणी पाठवला ते तिला आठवत नाही."

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा आईबद्दल काही बोलत नाहीत," मुलगी म्हणाली. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बाबा चहा पीत नाहीत, असं सांगावं तसं सांगितलं.

ती गेल्यावर डॉक्टरीण फोटो लहान-मोठा करत बसली. तिचं गप्प बसणं मला सोसत नाही, करवतीचा आवाज फार मोठा वाटतो. मी विचारलं, "होईल का?"

"या एवढ्याशात चेहरा नाहीच हो, फ्रेमवाले. चेहऱ्याचा निरोप आहे."

तिने मला बोलावून फोटो मोठा करून दाखवला. चौकोनच चौकोन. फोटो आवळताना तो बारीक ठिपक्यांच्या चौकोनांत तोडला जातो, आठ ठिपके आडवे, आठ उभे. प्रत्येक चौकोनाचा ढोबळ हिशोब ठेवायचा, बारकावे टाकून द्यायचे. रंगांच्या बाबतीत तर आणखी चिक्कूपणा, रंग त्याहून ढोबळ ठेवतात, म्हणून ओठ गालावर सांडतात. टाकून दिलेलं पुन्हा मिळत नाही. कुठल्या दुसऱ्या प्रतीत उरलं असेल तरच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्यामुळेच झालं. चेहरे आपोआप साफ करणारी ॲप्स हल्ली आली आहेत. डॉक्टरीण त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही, पण वापरते. डोकं किती झुकलंय, डोळे कुठे येतात, केसांची कड कुठे आहे, याचा अंदाज घ्यायला. फोटोभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट कापायला मला मापाची कच्ची प्रत लागते, आणि तेवढ्यापुरती ॲपची प्रत चालते. पण तिची एक शिस्त आहे. कच्च्या प्रतीवर ती लाल पेन्सिलीने फुली मारते, चेहऱ्यावरूनच, या कानापासून त्या कानापर्यंत. अर्धवट चेहरा कुणाच्या नजरेत बसू नये म्हणून. आजवर फुली नसलेली कच्ची प्रत मी बघितली नव्हती.

त्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला, काढताना तिचे हात शाईने बरबटले, आणि त्या हाताने पेन्सिल घ्यायची राहून गेली. बोटांच्या टोकांत धरून तिने प्रत मला दिली. मी माप घेतलं, माउंट कापला, चौकट जोडली आणि बसते का बघायला प्रत आत सरकवून चौकट काउंटरवर उभी केली. गोंद वाळायला. डॉक्टरीण मागे नळावर हात धूत होती.

तेवढ्यात मुलगी आली. किती झालंय, एवढंच विचारायला आली होती.

मी हात पुसत बाहेर आलो तर ती चौकटीसमोर उभी होती. आत एक देखणी बाई हसत होती. नितळ गाल, डोळ्यांत चमक, एका रेषेत मोत्यांसारखे दात. मुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

"काका, ही माझी आई?"

मी गडबडलो. "नाही, म्हणजे हे अजून कच्चं आहे," असं काहीतरी पुटपुटलो. ती ऐकत होती कुठे? तिने फोन काढला, चौकटीचा फोटो घेतला. डॉक्टरीण हात पुसत आली आणि जागीच उभी राहिली. ती तोंड उघडेपर्यंत मुलगी तिच्या गळ्यात पडली होती. "थँक यू काकू, थँक यू," आणि रडत रडत, हसत हसत पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

"तो फोटो तिने घेतला?" डॉक्टरणीने विचारलं.

"घेतला."

तिने काउंटरवरची लाल पेन्सिल उचलली, प्रतीकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा आली, अक्षरशः उड्या मारत. फोटो तिने घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो आणखी दोन ग्रुपवर गेला होता. सगळ्यांनी हृदयं पाठवली होती. आत्याने लिहिलं होतं, अगदी जशीच्या तशी. कुठल्याशा मामाने तो स्टेटसला लावला होता.

"आणि बाबा?"

"बाबांनी खूप वेळ बघितला. म्हणाले, हो, अशीच होती."

मी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगतो, माझ्या मते विषय तिथे संपला होता. नवऱ्याने सांगितलं अशीच होती, तर आपण कोण? पोरगी खूश, चौकट तयार, पुढच्या महिन्यात हॉस्टेलवर जाईल. डॉक्टरीण मात्र स्टुलावरून उठून काउंटरच्या बाहेर आली. गिऱ्हाइकाशी काही वाईट बोलायचं असलं की ती काउंटर मध्ये ठेवत नाही.

"बाळा, बस. माझी चूक झाली आहे. ते चित्र तुझ्या आईचं नाही."

मुलगी हसली. तिला वाटलं गंमत आहे.

"ॲपने काढलंय ते. त्याने हजारो चेहरे बघितलेले असतात. तुझ्या फोटोत डोळ्यांच्या जागी डाग होते, म्हणून त्याने कुणाचेतरी डोळे बसवले. दात दिसत नव्हते, म्हणून दात बसवले. त्या प्रतीवर मी फुली मारायची असते. मारली नाही."

"पण बाबा म्हणाले ना अशीच होती."

"म्हणाले असतील."

"मग? तुम्ही तिला बघितलंय का? बाबांनी बघितलंय." तिचा आवाज चढला. "तुम्हाला काय माहीत?"

"ती कशी होती ते मला माहीत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हा चेहरा कुठून आला, ते माहीत आहे."

मुलगी निघून गेली. मग आमचं भांडण झालं. मी म्हणालो, एवढा तत्त्वाचा ताठा कशाला, पोरीच्या तोंडचा घास काढलास. ती म्हणाली, "फ्रेमवाले, तिला स्वतःची आठवण नाही. आपण जे देऊ तीच तिची आठवण होणार. उद्या तिच्या स्वप्नात आई आली तर ती कोणाचा चेहरा घेऊन येईल?" मी काचा पुसायला लागलो.

दोन दिवस ती उदास होती. फोटोंशी बोलतही नव्हती. तिसऱ्या दिवशी मुलगी आली. डोळे सुजलेले. काउंटरला टेकून म्हणाली, "मी सारखी बघत होते त्याच्याकडे. आता ते चित्र बघितलं की वाटतं ही कोण? आणि दुसरं तर काहीच नाही माझ्याकडे. तुम्ही सांगायलाच नको होतं."

"खरंय," डॉक्टरीण म्हणाली. "आता तू मला मदत कर. तुझ्या त्या ग्रुपवर किती माणसं आहेत?"

तिने मुलीकडून मेसेज लिहून घेतला. सांगत ती होती, टाइप मुलगी करत होती. आधी टाकलेला फोटो चुकीचा आहे, तो पुढे पाठवू नका. आईचा कोणताही फोटो असेल, कितीही खराब, कुणाबरोबरचाही, तरी जुने फोन, मेमरी कार्ड, संगणक धुंडाळा. कापू नका, सजवू नका, स्क्रीनशॉट काढू नका. आणि फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे ॲप त्याला आवळणार नाही. शेवटचं वाक्य तिने दोनदा लिहायला लावलं.

चुकीचा फोटो इतका फिरला होता, की त्याच्या मागोमाग हा मेसेजही तिथे तिथे पोहोचला. तेवढा एक उपयोग झाला त्या देखण्या बाईचा. पुढच्या आठवडाभरात काय काय आलं विचारू नका. एका काकाने सगळं वाचूनही स्क्रीनशॉट पाठवला. कुणी मुलीचाच शाळेतला फोटो पाठवला. पण त्या ढिगाऱ्यात कामाचं निघालं. आत्याच्या जुन्या, फुटलेल्या काचेच्या फोनमध्ये तोच फोटो अख्खा होता. गच्चीवर घरची दहा-बारा माणसं, आणि उजवीकडे मांडीवर बाळ घेतलेली मुलीची आई. तोही कुणीतरी पाठवलेलाच, पण मेणबत्त्या लागण्याच्या आधीचा. हनुवटी मोकळी. बाबांबरोबर काम करणाऱ्या एकाकडे दुसरी प्रत होती, वेगळ्या वाटेने गेलेली, कडा कापलेली. तिसरी कुणा मामेबहिणीच्या संगणकातून आली.

"तिन्ही खराबच आहेत की," मी म्हणालो.

"खराब आहेत, पण वेगवेगळ्या जागी," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. "ही बघा, ही कापली, म्हणून पुन्हा आवळताना हिचे चौकोन सरकून दुसरीकडे पडले. एकीच्या गालावर जिथे रेघ आहे, तिथे दुसरीच्या गालावर नाही."

मग ती कामाला लागली. तिन्ही प्रती एका मापाच्या करून एकावर एक ठेवल्या. डोळ्यावर डोळा, कानावर कान, केसभरही सरकू न देता. तिघींची सरासरी काढली की आवळताना पडलेले डाग एकमेकींना खोडतात. तिघींत जे समान आहे ते टिकतं. पण याच्यातही एक मेख आहे, आणि ती तिने माझ्यापासून लपवली नाही. तिन्ही प्रती एकाच फोटोच्या मुली. तो पहिल्यांदा पाठवला तेव्हा जे गेलं, ते तिघींतही नाही, आणि तेव्हा पडलेला डाग तिघींतही असणार. रंग तिने सोडूनच दिला, कारण रंगांत विश्वास ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसतं काळं-पांढरं ठेवलं, त्याला किंचित तपकिरी ऊब दिली. डोळ्यांत चमक भरली नाही. पापण्या काढल्या नाहीत. जिथे माहीत नाही तिथे ती थांबली.

"काय गं," ती पडद्याला म्हणाली, "इथे काय लपवतेस?"

मी उठून बघायला गेलो. हसऱ्या तोंडात वरच्या दातांपैकी एकाच्या कोपऱ्यात काळा ठिपका होता. तिन्ही प्रतींत, त्याच जागी.

"डाग असेल. पुसून टाक," मी म्हणालो.

"असेलही. आणि नसेलही." ती बराच वेळ चष्मे बदलून बघत राहिली. "राहू दे. पुसला तर कुणी विचारायचं कारणच उरणार नाही."

चेहरा तयार झाला तो पोस्टकार्डाएवढा. त्याहून मोठा छापला असता तर फुटला असता. मी मोठी चौकट आधीच करून ठेवली होती. ती मोडायची माझी तयारी नव्हती, आणि छोटा फोटो मोठ्या चौकटीत पोरका दिसतो. शेवटी मी चारी बाजूंनी वीतभर रुंद माउंट कापला, साधा पांढरट, आणि मधोमध तो चेहरा ठेवला. आता बघायचं तर जवळ जावंच लागत होतं. डॉक्टरीण म्हणाली, "फ्रेमवाले, डोकं तापलं नाही की चांगलं चालतं तुमचं." मी कौतुक म्हणून घेतलं.

मुलीला निरोप पाठवताना तिने एक अट घातली. बाबांना घेऊन ये.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरून तसेच आले होते, नखांत ग्रीस, खिशात टेस्टर. दारातच उभे राहिले. मुलीने ओढून आत आणलं. मला तो माणूस पहिल्या नजरेत आवडला नाही. मुलीने दाखवलेल्या कुठल्याही चेहऱ्याला अशीच होती म्हणणारा, म्हणजे कसला नवरा, असं माझ्या मनात होतं.

डॉक्टरणीने चौकट त्यांच्यापुढे ठेवली. काही सांगितलं नाही. ठिपक्याबद्दल तर चकार शब्द काढला नाही, मलाही आधीच दटावून ठेवलं होतं.

आधी मुलीने बघितलं. तिचा चेहरा पडला, हे मी बघितलं. खोट्या बाईची चमक इथे नव्हती. ही थोडी रुंद चेहऱ्याची, एक भुवई दुसरीपेक्षा वर, डोळे हसण्याने बारीक झालेले, आणि सगळ्यावर एक धुरकटपणा. सुंदर म्हणावी अशी नव्हती. मुलगी वडिलांकडे वळली.

बाबा चौकटीवर वाकले होते. मग म्हणाले, "ताई, एक बोलू का?"

"बोला ना."

"तो आधीचा फोटो हिने दाखवला तेव्हा मी हो म्हणालो." त्यांनी मुलीकडे बघितलं नाही. "मला ओळखता आला नव्हता. मला वाटलं, मीच विसरलो. इतकी वर्षं झाली, तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलं की नुसता पदर दिसतो, हात दिसतो, चेहरा येतच नाही. हे पोरीला कसं सांगायचं? म्हणून तिच्याबद्दल बोलायचंच टाळलं. बोलायला लागलो आणि तिने विचारलं कशी दिसायची, तर काय सांगू?"

माझं त्यांच्याबद्दलचं मत तिथल्या तिथे गळून पडलं. मी खाली बघितलं.

"आणि ही?" डॉक्टरणीने विचारलं.

बाबांनी ग्रीसचं बोट काचेजवळ नेलं, काचेला न लावता. ते बरोबर त्या ठिपक्यावर थांबलं.

"हा दात," ते म्हणाले, आणि हसले. रडतही असतील, मला नीट दिसलं नाही, माझेच डोळे भरले होते. "कोपरा तुटलेला. भावाशी पैज लावून सोड्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडायला गेली होती. लग्नाआधीची गोष्ट. फोटो काढायचा म्हटलं की तोंड घट्ट मिटून बसायची, कुणी काही म्हणू नये म्हणून. सगळ्या फोटोंत गंभीर, मास्तरणीसारखी."

"मग इथे का हसली?" मुलीने विचारलं.

"तुझ्यामुळे. तू मांडीवर होतीस. फोटो काढणारा म्हणाला, सगळ्यांनी इकडे बघा, आणि तू जोरात शिंकलीस. इतकी मोठी शिंक एवढ्याशा पोरीची. तिला हसू आवरेना. नंतर माझ्या मागे लागली होती, तो फोटो काढून टाक, दात दिसतो म्हणून. मी काढला नाही. उलट सगळ्यांना पाठवला, तिला चिडवायला."

डॉक्टरणीने हळूच माझ्याकडे बघितलं. तो डाग नव्हता, एवढंच त्या बघण्यात होतं, आणि मला वाटतं, इतक्या वर्षांत तिला एवढी सुखी मी बघितली नव्हती.

मुलगी पुन्हा चौकटीकडे वळली. या वेळी खूप जवळ गेली. आता ती दुसरंच काही बघत होती. काउंटरवर कोपरं टेकून, हनुवटी हातांत घेऊन ती त्या हसणाऱ्या, दात तुटलेल्या बाईकडे बघत राहिली, आणि मान न वळवता तिने विचारलं, "ती शिवायची का हो बाबा? आत्या म्हणते शिवायची."

"शिवायची कसली. आत्याला काय माहीत. बटण लावायला दिलं तर भलत्याच काजासमोर लावायची. गायची मात्र. सुरात नाही, पण गायची. भांडी घासताना."

"काय गायची?"

बाबा टेकायला काहीतरी शोधत होते. मी माझं स्टूल आडोशामागून आणून दिलं. ते बसले, खिशातला टेस्टर काढून काउंटरवर ठेवला, आणि सांगायला लागले. पत्ता विचारायला कुणीतरी आलं, त्याला डॉक्टरणीने खुणेनेच वाटेला लावलं. मी करवतीला हात लावला नाही. बाबा दर दोन वाक्यांनी अडखळत होते, मागे जाऊन दुरुस्त करत होते, नाही, ते घर वेगळं, तेव्हा तू व्हायची होतीस. आणि ते थांबले, की मुलगी लगेच म्हणायची, "मग?"